पान पिवळे, पण कशाने?

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेले असते. फुलोरा सरत येतो, शेंगा धरू लागतात. नेमक्या याच दिवसांत बांधावरून नजर टाकली की हिरव्या रानात मध्येच काही झाडे पिवळी दिसू लागतात. शेतकरी आत जातो, एक पान हातात धरतो आणि खिशातून मोबाइल काढतो. शिवारात रेंज नसते. तरीही फोटो काढल्यावर क्षणभरात अ‍ॅप उत्तर देते: अमुक रोग, ९४ टक्के. त्या उत्तरावर संध्याकाळी कृषी सेवा केंद्रातून औषध आणायचे की नाही हे ठरते.

इथे एका पिवळ्या पानामागे निदान तीन वेगळी कारणे असू शकतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिले कारण पिवळा मोझॅक. हा विषाणूजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यावर फवारून बरे करणारे औषध नाही. रोगट झाडे सुरुवातीलाच उपटून नष्ट करणे आणि पांढरी माशी आटोक्यात ठेवणे एवढेच हाती असते. दुसरे कारण लोहाची कमतरता. मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त भारी जमिनीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही. पाणी साचले की त्रास आणखी वाढतो. यावर फेरस सल्फेटची फवारणी उपयोगी पडते. तिसरे कारण पानात नसतेच. खोडमाशीची अळी खोड आतून पोखरते आणि वरची पाने पिवळी पडून वाळू लागतात. तिथे कीटकनाशकाचा विचार करावा लागतो, तोही वेळेत. बुरशीनाशक या तिन्हींपैकी कशावरच चालत नाही. अ‍ॅपने चुकून बुरशीचा रोग सांगितला, तर पैसे जातात, मजुरी जाते आणि मोझॅकचे झाड आणखी आठ दिवस शेतात उभे राहते.

म्हणून रेंज नसताना मोबाइल हे उत्तर कुठून आणतो आणि त्यावर किती भिसत ठेवावी, हे समजून घेणे गरजेचे आहे.

पन्नास हजार ठिपके

अशा अ‍ॅपमध्ये एक छोटे ‘प्रतिमा मॉडेल’ बसवलेले असते. ते म्हणजे आकड्यांची एक मोठी जंत्री. हजारो फोटो आणि प्रत्येक फोटोखाली जाणकाराने लिहिलेले रोगाचे नाव संगणकाला दाखवले जाते. फोटोवरून नाव बरोबर येईपर्यंत संगणक हे आकडे थोडे थोडे बदलत राहतो. मोबाइलसाठी गूगलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेली ‘मोबाइलनेट व्ही-२’ ही रचना या कामी खूप वापरली जाते. तिच्यात असे सुमारे ३५ लाख आकडे असतात. प्रत्येक आकडा पूर्ण बारकाईने साठवला तर चार बाइट लागतात, म्हणजे साधारण १४ एमबी. तोच आकडा ढोबळ करून एका बाइटात बसवला तर सगळे मॉडेल साडेतीन एमबीत मावते. एका फोटोसाठी सुमारे ३० कोटी गुणाकार-बेरजा कराव्या लागतात. मोबाइलचा प्रोसेसर ते सेकंदाच्या आत उरकतो. त्यामुळे सर्व्हर लागत नाही आणि रेंजही लागत नाही.

आकडे ढोबळ केल्यामुळे अचूकता थोडी घटते, पण बहुधा थोडीच. लॅपटॉपवर चांगले चालणारे मॉडेल मोबाइलवर आल्यावर एकदम बिघडले, तर चूक बहुतेक वेळा दुसरीकडे असते. शिकवताना रंगांचे आकडे एका मापाने दिलेले असतात आणि अ‍ॅप ते दुसऱ्या मापाने देते. किंवा लाल आणि निळ्या रंगाचा क्रम उलटा होतो, नाहीतर फोटो आडवा पडतो. अ‍ॅप करणाऱ्याला हे ओळखण्याचा सोपा मार्ग आहे. एकच फोटो दोन्हीकडे द्यायचा आणि उत्तरे ताडून पाहायची. आकडे जवळपास सारखे आले नाहीत, तर पुढची कसलीही चाचणी व्यर्थ आहे.

शेतकऱ्याला मात्र दुसरीच गोष्ट जास्त जाणवते. मोबाइलचा फोटो १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असला, तरी मॉडेल तो सगळा पाहत नाही. ते फोटो आकसून २२४ बाय २२४ ठिपक्यांचा करते. म्हणजे उरतात अवघे ५० हजार. उभ्याने फोटो काढला आणि चौकटीत ६० सेंटिमीटर रुंदीचे झाड आले, तर मॉडेलच्या दृष्टीने एक ठिपका म्हणजे जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर. पांढरी माशी साधारण एक मिलिमीटरची. ती या चित्रात राहतच नाही. मोझॅकचे सुरुवातीचे बारीक पिवळे डागही आजूबाजूच्या हिरव्यात मिसळून जातात. हाच फोटो नऊ सेंटिमीटरच्या एका पानाने चौकट भरेल असा जवळून काढला, तर एक ठिपका ०.४ मिलिमीटरचा होतो आणि डाग, शिरा, कडा वेगळ्या दिसू लागतात. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे यापेक्षा तो पानापासून किती अंतरावर धरला आहे, हे इथे महत्त्वाचे ठरते.

९९ वरून ३१ वर

मॉडेल कोणत्या फोटोंवर शिकले, हा यापुढचा प्रश्न. पिकांच्या रोगांसाठी जगभर सर्वाधिक वापरला गेलेला खुला फोटोसंच म्हणजे ‘प्लांटव्हिलेज’. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड ह्यूज आणि स्वित्झर्लंडमधील मार्सेल सलाथे यांनी तो उभा केला. त्यात १४ पिकांचे ५४,३०६ फोटो आहेत आणि पीक व रोग यांच्या ३८ जोड्या आहेत. मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी २०१६ मध्ये त्यावर मॉडेल शिकवले. त्याच संचातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता आली ९९.३५ टक्के. त्यानंतर किती तरी प्रकल्पांच्या आणि अ‍ॅपच्या माहितीत ‘९९ टक्के’ हा आकडा दिसू लागला.

पण याच शोधनिबंधात आणखी एक आकडा आहे. संशोधकांनी मॉडेलला दुसऱ्या ठिकाणांहून मिळवलेले, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले, तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या थोडी वर उरली. त्यांनी ही घसरण लपवली नाही. ती पुढे सांगणाऱ्यांनी मात्र बऱ्याचदा गाळली.

एवढी घसरण का झाली, हे फोटो पाहिल्यावर कळते. प्लांटव्हिलेजमधले बहुतेक फोटो झाडावरच्या पानाचे नाहीत. पान तोडून एका साध्या कागदावर ठेवले आहे आणि वरून फोटो काढला आहे. एका रोगाचे फोटो एका दिवशी, एका जागी, एका कागदावर काढले गेले, तर कागदाची छटा आणि उजेडसुद्धा त्या रोगाची ओळख बनते. २०२२ मध्ये एका संशोधकाने हे तपासण्यासाठी पान पूर्ण सोडून दिले आणि फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ ठिपके घेऊन मॉडेल शिकवले. त्यानेही ४९ टक्के उत्तरे बरोबर दिली. नुसता अंदाज मारला असता तर अडीच टक्क्यांच्या आसपास बरोबर आली असती. म्हणजे पानाकडे न बघताही निम्म्या वेळा रोग सांगता येत होता. असे मॉडेल शेतात नेले की तिथे कागद नसतो. असतात ती दुसरी पाने, ओली काळी माती, सावली आणि पान धरणारी बोटे.

लातूर-नांदेडच्या दृष्टीने या संचातली आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १४ पिकांत सफरचंद, द्राक्ष, बटाटा, टोमॅटो, मका आहेत. कापूस नाही, तूर नाही, हळद नाही, केळी नाही. सोयाबीन आहे आणि त्याचे पाच हजारांहून अधिक फोटो आहेत, पण ते सगळे निरोगी पानांचे! सोयाबीनचा एकही रोग त्यात नाही. या संचावर शिकलेल्या मॉडेलला ‘सोयाबीनचा पिवळा मोझॅक’ हे उत्तरच ठाऊक नाही. मग मोझॅकचे पान दाखवल्यावर ते काय करणार? त्याच्याकडे ३८ खणांचे कपाट आहे आणि ‘माहीत नाही’ असा खण त्यात नाही. ते एक तर ‘निरोगी सोयाबीन’ म्हणेल, नाहीतर पिवळेपणावरून टोमॅटोच्या एखाद्या विषाणूरोगाचे नाव घेईल. दोन्ही उत्तरे तेवढ्याच ठामपणे येतील.

पडद्यावरच्या ‘९४ टक्के’चा अर्थही इथेच उलगडतो. मॉडेल आपल्या सगळ्या खणांत मिळून १०० टक्के वाटून टाकते. ९४ म्हणजे त्याला ठाऊक असलेल्या पर्यायांत हा पर्याय बाकीच्यांपेक्षा फार पुढे आहे, एवढेच. ‘शंभरपैकी ९४ वेळा हे निदान खरे ठरते’ असा त्याचा अर्थ नाही. हे तपासायला शास्त्रज्ञ लागत नाही. अ‍ॅपला पायातल्या चपलेचा फोटो दाखवावा. चांगल्या अ‍ॅपने ‘हे पान नाही’ म्हणायला हवे. चपलेला करपा झाला असे ते ८० टक्के खात्रीने सांगत असेल, तर पानाबद्दलच्या त्याच्या खात्रीचे मोलही कळून येते.

शेतात घेतलेली परीक्षा

शेतातल्याच फोटोंवर शिकवले तर हा प्रश्न सुटतो का? काही प्रमाणात. याचे सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण आफ्रिकेतले आहे. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्या कसावा पिकासाठी प्लांटव्हिलेजच्याच गटाने ‘नुरू’ हे अ‍ॅप तयार केले. स्वाहिलीत नुरू म्हणजे प्रकाश. त्याचे मॉडेल मोबाइलमध्येच चालते, रेंज लागत नाही. टांझानियाच्या शेतात ७२० रोगट पर्णिकांवर त्याची परीक्षा झाली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगाची लक्षणे ठळक असतानाही प्रत्यक्ष शेतातल्या फोटोंवर मॉडेलचे गुण ३२ टक्क्यांनी घसरले. घसरण्याचे कारण उल्लेखनीय आहे. एका रोगाला दुसरा म्हणण्यापेक्षा, रोग समोर असून तो मॉडेलच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण वाढले होते. म्हणून अ‍ॅपने ‘काही आढळले नाही’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘रोग नाही’ असा घेता येत नाही.

पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, त्याच अ‍ॅपची माणसांशी तुलना झाली. पानावरची लक्षणे ओळखण्यात नुरूची अचूकता ६५ टक्के आली, कृषी विस्तार कर्मचाऱ्यांची ४० ते ५८ टक्के आणि शेतकऱ्यांची १८ ते ३१ टक्के. म्हणजे ६५ टक्के हा आकडा ९९ च्या तुलनेत केविलवाणा वाटला, तरी पर्यायाच्या तुलनेत तो वाईट नाही. शिवाय एका पानाऐवजी त्याच झाडाची सहा पाने तपासली, तेव्हा अचूकता ७४ ते ८८ टक्क्यांवर गेली. मॉडेल तेच, मोबाइल तोच, फक्त पाहण्याची पद्धत बदलली.

तरीही सहा पानांच्या मताला एक मर्यादा आहे. सहा पानांवरच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तरच सहा मते एकापेक्षा भारी ठरतात. मॉडेल लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा पाहून मोझॅक म्हणत असेल, तर ते सहाही पानांवर तेच म्हणेल. मावळतीच्या उन्हात सगळीच पाने पिवळसर दिसतात. तेव्हा काढलेले सहा फोटो म्हणजे एकच चूक सहा वेळा.

रोग कमी असताना

अ‍ॅपच्या अचूकतेचा आकडा खरा असला तरी त्याचा अर्थ शेतात रोग किती आहे यावर बदलतो. दवाखान्यातल्या तपासण्यांना लागू असलेला हाच नियम पानालाही लागू होतो. समजा, एक अ‍ॅप चांगले आहे. रोगट पानांपैकी ९० टक्के ते पकडते आणि निरोगी पानांपैकी ९० टक्क्यांना निरोगीच म्हणते. हंगामाच्या सुरुवातीला शेतात दोनच टक्के पाने रोगट आहेत. हजार पाने तपासली, तर रोगट २० आणि त्यांतली १८ सापडली. पण उरलेल्या ९८० निरोगी पानांपैकी दहा टक्के, म्हणजे ९८ पानांनाही अ‍ॅपने रोगट ठरवले. एकूण इशारे झाले ११६ आणि खरे त्यांतले फक्त १८. म्हणजे सहा-सात इशाऱ्यांत एक खरा.

तेच अ‍ॅप, तोच शेतकरी, पण निम्मे शेत रोगाने धरले असेल, तर ५०० रोगट पानांपैकी ४५० सापडतात आणि खोटे इशारे ५० च येतात. आता दहांपैकी नऊ इशारे खरे. अडचण अशी की निम्मे शेत पिवळे पडल्यावर अ‍ॅपची गरज कुणाला असते? अ‍ॅपचा उपयोग सुरुवातीला हवा आणि त्याच वेळी त्याचा एकटा इशारा सर्वांत कमी भरवशाचा असतो. म्हणून पहिल्या इशाऱ्याचा अर्थ ‘फवारा’ असा नसून ‘या झाडापाशी थांबा आणि नीट पाहा’ असा आहे.

नीट पाहायचे म्हणजे काय, ते अवघड नाही. लोहाची कमतरता आधी कोवळ्या, शेंड्याकडच्या पानांत दिसते. शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग एकसारखा पिवळा होतो. अशी झाडे बहुधा पाणी साचणाऱ्या किंवा चुनखडीच्या पट्ट्यात एकत्र सापडतात. मोझॅकमध्ये पिवळे आणि हिरवे चट्टे वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात आणि सुरुवातीला झाडे शेतभर विखुरलेली असतात. पान उलटले की खाली पांढरी माशी मिळू शकते. शंका उरलीच तर पाच-सहा झाडांवर फेरस सल्फेट, दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात, फवारून आठवडाभर थांबता येते. लोहाची कमतरता असेल तर त्या झाडांची पाने हिरवी होऊ लागतात, मोझॅक असेल तर काही फरक पडत नाही. आणि पाने पिवळी पडून सुकत असतील, तर खोड उभे चिरून पाहावे. आत लालसर पोखरलेला मार्ग आणि त्यात अळी दिसली, तर ती खोडमाशी. पानाचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी खोडाच्या आतले त्यात येणार नाही.

प्रश्नच बदलला

हीच मर्यादा ओळखून कापसात वेगळा मार्ग निवडला गेला. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, पानावर तिची खूण नसते. तेव्हा पानाचा फोटो काढून उपयोग नाही. मुंबईच्या ‘वाधवानी एआय’ या संस्थेने कापसासाठी तयार केलेल्या अ‍ॅपमध्ये फोटो काढायचा तो कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा. फोटो खरोखर सापळ्यातल्या किडीचा आहे का, हे मॉडेल आधी तपासते आणि मग पतंग मोजते. मॉडेल आकसून मोबाइलमध्येच बसवल्याने मोजणी रेंजशिवाय होते. सल्ला मोजणीवर ठरतो. एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री, ही आर्थिक नुकसानीची पातळी कृषी शास्त्रज्ञांनी आधीच ठरवून दिलेली आहे. इथे मॉडेलला ‘हे काय आहे?’ असे विचारलेले नाही, ‘हे किती आहेत?’ एवढेच विचारले आहे. पांढऱ्या पृष्ठभागावरचे पतंग मोजणे हे गर्दीतल्या पानावरचा रोग ओळखण्यापेक्षा सोपे आहे. शिवाय आठाऐवजी नऊ मोजले तरी तीन रात्रींच्या नोंदीत ती चूक निभावते आणि शेतकऱ्याला स्वतः मोजून ती पडताळता येते.

महाराष्ट्राला अशा मोजणीची सवय नवी नाही. २००८ मध्ये पाने खाणाऱ्या अळीने सोयाबीनचे मोठे नुकसान केले. त्यानंतर २००९ पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात ठरलेल्या शेतांत, ठरलेल्या दिवशी, अनेक ठिकाणची झाडे पाहून नोंद होते. एका झाडाच्या एका पानावरून गावाला सल्ला दिला जात नाही. मोबाइलमधल्या मॉडेललाही तोच शिरस्ता लावावा लागतो.

नवे अ‍ॅप घेताना म्हणूनच ‘अचूकता किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. ती कुणाच्या शेतातल्या फोटोंवर मोजली, हे विचारावे. एकाच शेतातले फोटो शिकवण्यात आणि परीक्षेतही वापरले असतील, तर तो पेपर आधीच फुटलेला असतो. परीक्षेचे शेत वेगळे हवे, शक्य तर तालुका आणि हंगामही वेगळा हवा. अ‍ॅपच्या यादीत आपल्या पिकाचे कोणते रोग आहेत आणि अन्नद्रव्यांची कमतरता आहे का, हे पाहावे. यादीत नसलेला रोग ते कधीच सांगणार नाही. आणि त्याला ‘सांगता येत नाही’ असे म्हणता येते का, हेही पाहावे.

फोटो काढताना पान चौकटभर यावे, सकाळच्या उजेडात किंवा अंगाच्या सावलीत ते धरावे. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली झाडे घ्यावीत, एका झाडाची पाच-सहा पाने पाहावीत. आलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नसतील, तर तीही एक माहितीच आहे: हे निदान अ‍ॅपच्या आवाक्यातले नाही. अशा वेळी औषधाच्या दुकानाआधी झाड मुळासकट उपटून सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नेलेले बरे. तिथला जाणकार पहिल्यांदा पान उलटून पाहील आणि मग खोड चिरून पाहील.